हजाराचं नळकांडं

श्रेणिक मगदूम आमच्या साइटवर पहिल्यांदा आला तेव्हा त्याची वळकटी एसटीच्या टपावर होती आणि वजनांची पेटी मांडीवर. आटपाडीच्या स्टँडवर त्याला न्यायला मीच गेलो होतो. म्हटलं, "पेटी द्या, मी धरतो." तर म्हणाला, "नको, तुमच्या हाताला घाम आहे. पितळेवर डाग पडला की वजन बदलतं." पहिल्याच भेटीत माणूस आपल्या हाताच्या घामावर बोलतो म्हटल्यावर मी मनात म्हणालो, चला, या उन्हाळ्याची करमणूक आली.

साल चौऱ्याहत्तर. आटपाडीच्या पुढं बोरखडी नावाच्या वस्तीजवळ ओढ्यावर मातीचा तलाव चालला होता. मी तिथं स्टोअर सांभाळायचो. सिमेंट, डिझेल, फावडी, घमेली आणि साइटवरच्या सगळ्या बातम्या माझ्याच ताब्यात. श्रेणिक आला तो मातीच्या प्रयोगशाळेचा इन्चार्ज म्हणून. प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची खोली, एक तराजू, एक स्टोव्ह, माती भाजायचा तवा आणि एक लोखंडी नळकांडं. सांगलीत बी.एस्सी. झालेला, फिजिक्सवाला. घर सांगलीजवळच्या एका खेड्यात, हळदीची शेती, घरात कडक जैन शिस्त. अंधार पडायच्या आत जेवायचं, कांदा-बटाटा वर्ज्य. अशा माणसाला बोरखडीत कोण जेवू घालणार?

घातलं शालूबाईंनी. शालूबाई म्हणजे आमच्या ओव्हरसियर नानासो निकमांच्या पत्नी. नानासो मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीत पूल बांधून आलेले, रिटायर होऊन इथं लागलेले. छातीवर मेडलं नसली तरी चालताना ती आहेत असंच वाटायचं. त्यांच्या घरात रविवारी मटण शिजायचं. पण श्रेणिक शेजारच्या खोलीत राहायला आला आणि तिसऱ्याच दिवशी शालूबाईंनी बाजारातून नवा तवा आणला. "ह्यो मगदूमसायबांचा. ह्येच्यावर दुसरं कायबी पडायचं न्हाई." तो तवा खुंटीला वेगळा टांगलेला असायचा. दिवेलागणीच्या आधी त्याच्यावर ज्वारीची भाकरी फुगायची, आणि आम्हा बाकीच्यांना ती खिडकीतून नुसती दिसायची. सुनेचंही झालं नसतं एवढं त्या तव्याचं कौतुक.

आता श्रेणिकचं काम काय, ते सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्याच्यावरच आहे. मातीचा बांध नुसती माती टाकून होत नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, की माती घट्ट बसते. किती घट्ट, ते बघायला ते नळकांडं थरात ठोकायचं, मातीसकट उकरून काढायचं, दोन्ही तोंडं सुरीनं तासायची आणि वजन करायचं. नळकांड्याचं वजन वजा केलं की मातीचं वजन आलं. त्याला नळकांड्याच्या घनफळानं भागलं की घनता. ओलाव्याचा भाग तव्यावर माती भाजून काढायचा आणि राहील ती कोरडी घनता. आमच्या मातीला कमीत कमी एक पॉइंट सहा तीन चार लागायची. त्याच्या वर आली की थर पास. खाली आली की उकरा आणि पुन्हा घाला.

श्रेणिकला आकड्यांचा भारी लळा. सगळे पॉइंटच्या पुढं दोन आकडे लिहायचे, हा चार लिहायचा. एक पॉइंट सहा सहा दोन सात. मजुरांनी त्याचं नाव 'चारपॉइंट' ठेवलं होतं. (ठेवलं मीच होतं, पण पसरवलं त्यांनी.) मिरजेच्या एका व्यापाऱ्याची गुणमाला नावाची मुलगी त्याला सांगून आली होती. ती बघून आल्यावर मी विचारलं, "कशी आहे?" तर म्हणाला, "उंची पाच फूट दोन इंच." मी म्हटलं, "आणि?" तर लाजला. म्हणजे 'आणि' होतं, एवढं माझ्या लक्षात आलं.

उन्हाळा सरत आला तसं घळभरणीचं काम सुरू झालं. बांध दोन्ही बाजूंनी उभा राहिला की मध्ये ओढ्याच्या पात्रात एक मोकळी घळ राहते. ती पावसाच्या आत भरून बांध उंचीला आणावाच लागतो. नाहीतर पहिला मोठा लोंढा त्या खिंडारातून बांधालाच घेऊन जातो. नानासो रोज उजाडताच रोलरच्या पुढं उभे. रोलरचा ड्रायव्हर अर्जुना जरा वळणावर घाई करायला लागला की ओरडायचे, "हळू रं! ही काय रेस हाय? थाप म्हंजी थाप बसली पायजे!"

आणि नेमक्या त्याच वेळी नळकांडं फुटलं. मोठा दगड लागला आणि शिवणीवर उभं चिरलं. नवं मागवायचं तर कागद जाणार, कागद फिरणार, पावसाळा येऊन जाणार. नानासो पलटणीतले. कागदावर त्यांचा विश्वास नाही. जीप घेऊन सांगलीला गेले, ओळखीच्या एका वर्कशॉपमधून चार इंची पाइपचा तुकडा कापून, एका बाजूला धार लावून संध्याकाळी घेऊन आले. तसंच दिसणारं, तेवढंच उंच. जुन्या नळकांड्यावर पांढऱ्या रंगानं '१०००' लिहिलं होतं, म्हणजे आतलं घनफळ हजार घनसेंटिमीटर. नानासोंनी नव्यावरही पेंटरकडून तसंच झोकदार '१०००' काढून घेतलं होतं. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. श्रेणिकनं फूटपट्टी लावली, व्यास दहा सेंटिमीटर 'दिसला', आणि तोही कामाला लागला. माणूस दिसायला चार पॉइंटचा, पण त्या दिवशी फूटपट्टीवर भागवलं त्यानं. उन्हाळा सगळ्यांनाच घाई करायला लावतो.

घळीतला पहिला थर. निकाल: एक पॉइंट सहा दोन शून्य तीन. नापास.

पाऊस डोक्यावर, म्हणून निकालासाठी न थांबता पुढचा थर चढतच होता. दुसरा थर. जवळपास तेवढाच. तिसरा, चौथा, सगळे एक पॉइंट सहा दोनच्या आसपास. अर्जुना रडकुंडीला आला. "आवं मगदूमसायेब, तितक्याच फेऱ्या मारतोय की मी! त्योच रोलर, तीच माती!" श्रेणिक म्हणाला, "आकडा काय सांगतो ते मी लिहितो. मी आकडा बनवत नाही." आणि लिहिलं. चारही थर नापास, उकरून पुन्हा घालण्याची शिफारस, खाली सही.

ज्या घरात जेवायचं त्याच घराच्या धन्याच्या कामावर नापासाचा शेरा! संध्याकाळी श्रेणिक जेवायला गेला तेव्हा खुंटीवर तवा नव्हता. शालूबाईंनी तो वर माळ्यावर ठेवून दिला होता. श्रेणिकनं विचारलं, "काकू, तवा?"

"कशाला पायजे? तुमचा माती भाजायचा तवा हाय की. त्येच्यावरच भाजा भाकरी. माती तरी पास हुईल."

नानासो कोपऱ्यात बसून जेवत होते. म्हणाले, "शालू, त्येंला खायला घाल. त्येंनी नोकरी केली."

"आन तुमची जाणार त्येचं?"

ते खरं होतं. हे चार थर उकरले तर घळभरणी या पावसाच्या आधी होणं शक्यच नव्हतं. अर्धवट बांध वाहून गेला असता आणि चौकशी बसली असती ती ओव्हरसियरवर. 'माती नीट दाबली नाही.' पलटणीत पुलावरून रणगाडे नेलेल्या माणसाच्या नावावर एवढंच राहिलं असतं. नानासो त्या दिवसांत बोलायचे कमी झाले होते, आणि नानासो बोलेनात म्हणजे काय, ते साइटवरच्या कुत्र्यालाही कळायचं.

श्रेणिकला भाकरी मिळाली, पण दुसऱ्या तव्यावरची. त्यानं ती खाल्ली की नाही, याबद्दल साइटवर दोन मतं होती.

मग मिरजेहून इंजिनिअरसाहेब आले. उंच, किडकिडीत, पान खाणारे, बोलायला सावकाश. थर उकरायचे की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. घळीच्या काठावर उभे राहून त्यांनी श्रेणिकचा अहवाल वाचला.

"मगदूम, तुम्ही एक पॉइंट सहा दोन शून्य तीन लिहिलंत."

"हो साहेब."

"हा शेवटचा तीन. त्याची खात्री किती?"

श्रेणिकनं वाकून आपल्याच अहवालातला तो तीन बघितला.

"बरं, तीन सोडा. शून्याची?"

श्रेणिकचा हात खिशातल्या फूटपट्टीकडं गेला.

साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मला लागतंय एक पॉइंट सहाशे चौतीस. तुमचं आलंय एक सहाशे वीस. शंभरात एकाच्याही आत फरक. तुमच्या मोजमापातच शंभरात दोनाची चूक असेल, तर मी हा डोंगर कशाच्या जोरावर उकरायचा?"

मी शेजारीच उभा होतो. मी नेहमीच शेजारी उभा असायचो. श्रेणिकचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो म्हणाला, "साहेब, मला दुपारपर्यंत वेळ द्या." आणि पळालाच जवळजवळ.

प्रयोगशाळेत तो जमिनीवरच बसला आणि नळकांडं हातात फिरवायला लागला. मी मागोमाग गेलो. म्हटलं, "काय झालं?"

"मी तराजूवर ग्रॅम ग्रॅम मोजत बसलो," तो म्हणाला. "दोन किलोच्या मातीत एक-दोन ग्रॅम, म्हणजे शंभरात पॉइंट एक. त्याचा मला अभिमान. आणि घनफळ? ते रंगानं लिहिलेलं! व्यास मी फूटपट्टीनं बघितला. त्यात एक मिलिमीटरची चूक सहज. शंभर मिलिमीटरला एक, म्हणजे शेकडा एक. पण घनफळात व्यास दोनदा येतो, व्यासाचा वर्ग. म्हणजे शेकडा दोन. उंचीत अर्धा मिलिमीटर, शेकडा पॉइंट चार. ओलाव्यात शेकडा पॉइंट तीन. वजनात पॉइंट एक. घनता भागाकारानं येते, तेव्हा या सगळ्या शेकडेवाऱ्या तिच्यात येऊन बसतात. सगळ्या एकाच बाजूला पडल्या तर?"

"तर?"

"शेकडा दोन पॉइंट आठ. माझा एक सहाशे वीस हा एक सहाशे वीस नाहीच. तो एक पाचशे पंचाहत्तर आणि एक सहाशे पासष्ट यांच्यामध्ये कुठंतरी आहे. आणि हद्द सहाशे चौतीसची. मध्येच! मी पास म्हणू शकत नव्हतो, नापासही म्हणू शकत नव्हतो. आणि मी सही ठोकून नापास लिहिलं."

मी म्हटलं, "मग झालं की! साहेबांना सांग, माहीत नाही. नानासो सुटले."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या वजनांना घामाचा हात लावलाय. "सुटले कसले? पाइप शंभरपेक्षा मोठा असेल तर? मग घनता आणखी खाली जाते. मग थर खरोखरच कच्चे आणि बांध खरोखरच जाईल. 'माहीत नाही'वर बांध उभा करायचा? घनफळ नीट मोजायला हवं."

पेटीतून त्यानं व्हर्निअर काढला. दहा जागी व्यास घेतला. पाइप पूर्ण गोल नव्हताच. कुठं अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, कुठं नव्याण्णव पॉइंट पाच. श्रेणिकच्या डोळ्यांत पहिल्यांदा थोडा उजेड आला, पण लगेच विझला. "शंभरच्या आत आहे खरं. पण आकडे इतके हलतायत की घनफळात अजून शेकड्याची शंका राहते. व्यासातून जायलाच नको. घनफळ सरळ मोजायचं. पाण्यानं."

म्हणजे काय, तर नळकांडं लोखंडी पत्र्यावर उभं करायचं, खालच्या कडेला ग्रीस लावायचं म्हणजे गळणार नाही, काठोकाठ पाणी भरायचं आणि वर काच सरकवायची. काच अशी सरकवायची की पाणी फुगून राहणार नाही आणि बुडबुडाही अडकणार नाही. मग आतल्या पाण्याचं वजन. पत्रा होता, ग्रीस माझ्या स्टोअरमध्ये होतं. सपाट काच मात्र साइटवर कुठंच नव्हती. खिडक्यांना आमच्याकडं पोती.

होती एकाच ठिकाणी. शालूबाईंच्या भिंतीवर, नानासोंच्या गणवेशातल्या फोटोवर.

श्रेणिक दारात गेला. मी त्याच्या मागं, दोन हात अंतर राखून, म्हणजे काही फेकलं तर त्याला लागावं.

"काकू, फोटोची काच पाहिजे."

शालूबाईंनी सूप खाली ठेवलं. "आमचं सगळं उकरून झालं, आता फोटोबी उकरणार व्हय?"

"नळकांडं मोजायचंय. कदाचित माझी चूक असेल."

"कदाचित?"

"आत्ता एवढंच सांगता येतं. उलटंही निघू शकतं. मग काकांना अजून वाईट."

आतून नानासो आले. त्यांनी स्वतः फोटो खाली घेतला, मागचे खिळे चाकूनं उचकटले, काच काढली आणि श्रेणिकच्या हातात दिली. "मोजा. जे निघंल ते निघंल. पण बराबर मोजा."

शालूबाई म्हणाल्या, "फुटली तर तुमच्या लग्नात आहेर म्हणून परत फोटोच द्यीन, बिनकाचेचा!"

साहेब खुर्ची घेऊन प्रयोगशाळेत बसले होते. नानासो दारात उभे, मागं शालूबाई, त्यांच्या मागं अर्जुना आणि निम्मी साइट. श्रेणिकनं ग्रीस फासलं, पाणी भरलं, काच सरकवली. एक बुडबुडा राहिला. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा राहिला. शालूबाई पुटपुटल्या, "दुधावरची साय काढायला लावली असती तर कवाच जमलं असतं." तिसऱ्यांदा बसली. बाहेरून पुसून वजन केलं, पत्रा, काच, नळकांडं यांचं वजा केलं. ओतलं, पुसलं, पुन्हा भरलं. तीनदा. दर वेळी नऊशे सत्त्याहत्तर, एखादा ग्रॅम इकडं-तिकडं.

साहेब म्हणाले, "म्हणजे नऊशे सत्त्याहत्तर घनसेंटिमीटर."

"नाही साहेब. पाणी गरम आहे." श्रेणिकनं थर्मामीटर दाखवला, तीस अंश. "तीस अंशाला एका घनसेंटिमीटरचं वजन एक ग्रॅमपेक्षा जरा कमी भरतं. पॉइंट नऊ नऊ पाच सात. भागलं की नऊशे एक्क्याऐंशी. दोनाची शंका धरू."

साहेबांनी पान चघळणं थांबवलं. एवढ्यावर ते खूश झाले होते, हे मला त्यांच्या भिवईवरून कळलं.

नळकांड्यावर हजार लिहिलंय आणि आत नऊशे एक्क्याऐंशी. इतके दिवस श्रेणिक मातीचं वजन जास्तीच्या घनफळानं भागत होता, म्हणून घनता कमी येत होती. त्यानं लॉग टेबल उघडलं. नानासोंचे हात पाठीमागं, एकमेकांत घट्ट धरलेले.

"एक पॉइंट सहा पाच एक," श्रेणिक म्हणाला.

आकडा हद्दीच्या वर होता, तरी कुणी लगेच उड्या मारल्या नाहीत. एकदा पोळलेली माणसं.

"आता शंका," तो पुढं म्हणाला. "घनफळ शेकडा पॉइंट दोन, वजन पॉइंट एक, ओलावा पॉइंट तीन. सगळं वाईट बाजूला पडलं तरी शेकडा पॉइंट सहा. म्हणजे खाली खाली एक सहाशे एक्केचाळीस. हद्द सहाशे चौतीस. सगळ्या चुका आपल्या विरुद्ध धरल्या तरी थर पास आहे."

अर्जुना ओरडला, "आरं तिच्या!" आणि साहेब समोर आहेत हे आठवून जीभ चावली.

साहेब म्हणाले, "बाकीचे तीन?"

तेही तसेच, दोन-तीन हजारांशांच्या फरकानं. साहेबांनी आपल्यासमोर घळीतून एक ताजा नमुना काढायला लावला. माती भाजून, मोजून तोही एक पॉइंट सहा पाच आला. आणि जुन्या नळकांड्यानं मोजलेल्या आधीच्या थरांशीही ते आकडे जुळले. तीच माती, तोच रोलर. अर्जुना केव्हापासून हेच ओरडत होता. साहेबांनी जुन्या अहवालावर आडवी रेघ मारली आणि श्रेणिकला नवा लिहायला सांगितला. "आणि मगदूम, पॉइंटपुढं किती आकडे?"

"तीन, साहेब. आणि पुढं अधिक-उणे."

"हां. ते अधिक-उणे विसरू नका. मला अर्धा डोंगर उकरायला लावत होतात."

साहेब गेले. मग नानासोंना आठवलं. ते नळकांड्याकडं बघत म्हणाले, "म्हंजी हे मीच आणलेलं. मीच हजार काढून घेतलं. मीच मला नापास केलं!" आणि हसायला लागले. पलटणीतलं हसू, पोटातून, थांबेना. शालूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "जाताना म्हनलं व्हतं, मापून आणा. तर म्हनं पाइप म्हंजी पाइप!" मग श्रेणिकही हसला. त्याचे दात त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितले. चांगले होते.

त्या संध्याकाळी तवा माळ्यावरून उतरला. अंधार पडायला अजून अवकाश होता. श्रेणिकनं किती भाकऱ्या खाल्ल्या ते मी खिडकीतून मोजलं होतं, पण शालूबाईंनी मला हाकलल्यामुळं आकड्यात एका भाकरीची शंका आहे.

घळ भरली. पाऊस आला तेव्हा बांध उभा होता आणि त्याच्यावर छत्री घेऊन नानासो उभे होते.

श्रेणिकचं त्या हिवाळ्यात गुणमालाशी लग्न झालं, मिरजेत. मुलीकडच्यांनी विचारलं, तुमच्याकडून किती माणसं? यानं उत्तर पाठवलं, "चाळीस, अधिक-उणे पाच." मुलीकडच्यांना वाटलं, काहीतरी मानपानाची अट आहे. त्यांनी दोन दिवस घरात खल केला. मीच जाऊन समजावलं आणि त्या निमित्तानं दोनदा जेवून आलो. बासुंदी चांगली होती.

पुढं श्रेणिक बदलीनं साताऱ्याला गेला, मोठ्या प्रयोगशाळेत. तिथं नव्या पोरांना म्हणे पहिल्या दिवशी एक गंजकं लोखंडी नळकांडं दाखवायचा. त्याच्यावर झोकदार अक्षरात '१०००' लिहिलेलं आणि खाली खडूनं त्याच्याच हातचं '९८१ ± २'. पोरं विचारायची, साहेब, चुकीचं ते पुसत का नाही? तो म्हणायचा, "ते निकम काकांनी काढून घेतलंय. मला पुसायचा अधिकार नाही."

आणि फोटोची काच? शालूबाईंनी ती परत लावली. एका कोपऱ्यात ग्रीसचा बोटाएवढा डाग राहिला होता, बरोबर नानासोंच्या छातीवर. मी म्हटलं, "काकू, पुसा की तो." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मेडल दिसतंय."